भाव चार रुपयांनी, मुदत चव्वेचाळीस पैशांनी : सप्लायरच्या मेलला उत्तर देताना

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मेल येतो. ‘कागदाचे भाव वाढल्यामुळे १ तारखेपासून सुधारित दर लागू राहतील. पेमेंट ५० टक्के ॲडव्हान्स, उरलेले डिलिव्हरीच्या वेळी. सहकार्याची अपेक्षा.’ पाठवणारा जुना सप्लायर असतो. माल वेळेवर देतो, अडीअडचणीला रविवारीही गाडी पाठवतो. मेल वाचणाऱ्यापुढे त्यामुळे दोन प्रश्न उभे राहतात. एवढी वाढ मान्य केली तर आपला नफा जातो, आणि कडक उत्तर दिले तर माणूस दुखावतो. बहुतेक लोक यातला एकच प्रश्न सोडवतात. कुणी भांडून भाव पाडतो, कुणी मुकाट्याने मान्य करून पुढचे सहा महिने कुरकुरत राहतो.

खरेदीच्या व्यवहारात या प्रश्नावर बराच अनुभव साठलेला आहे, थोडे संशोधनही झाले आहे, आणि आपल्याकडे कायद्याच्या काही मर्यादाही आहेत. या तिन्हींचा आढावा एका ठरावीक वस्तूवर घेतला की तो उपयोगी पडतो. वस्तू घेऊ पुठ्ठ्याचा बॉक्स. मसाले, लोणची, फरसाण, औषधे, सुटे भाग असे काहीही बनवणाऱ्याला तो लागतोच.

चार प्रचलित वाटा

अशा मेलला उत्तर देण्याच्या चार पद्धती बाजारात दिसतात. पहिली म्हणजे टक्केवारीने कापणे : ‘वाढ फार आहे, ५ टक्के कमी करा.’ ही सर्वांत सोपी, पण तिच्यामागे कारण नसते. कारण नसलेल्या मागणीला सप्लायर पुढच्या वेळी आधीच ५ टक्के जास्त सांगून उत्तर देतो. दुसरी म्हणजे दुसऱ्याचे कोटेशन दाखवणे. कोटेशन खरे असेल, माल तोच असेल आणि आपण खरोखर तिकडे जायला तयार असू, तरच ती चालते. खोटे किंवा हलक्या मालाचे कोटेशन या धंद्यात लपत नाही, कारण त्याच एमआयडीसीतले सगळे बॉक्सवाले एकमेकांना ओळखतात. तिसरी म्हणजे भावाची फोड मागणे : किती कागद, किती मजुरी, किती छपाई. ती न्याय्य आहे, पण सरळ मागितली तर सप्लायरला आपला नफा उघडा केल्यासारखे वाटते. चौथी म्हणजे देवाणघेवाण : भावात तुम्ही काही द्या, मुदतीत किंवा ऑर्डरच्या खात्रीत आम्ही काही देतो.

संबंध टिकवून पैसे वाचवायचे असतील तर तिसरी आणि चौथी वाट जोडावी लागते. फोड सप्लायरकडे मागायची नाही, ती आपणच करायची. आणि देवाणघेवाणीला बसण्याआधी मुदतीचे दिवस पैशांत बदलून घ्यायचे. या लेखाचे मुख्य म्हणणे एवढेच आहे. भाव आणि मुदत वेगवेगळ्या भांडणांचे विषय नाहीत, ते एकाच हिशेबाचे दोन रकाने आहेत.

आधी बॉक्स वजन करा

समजा, आपण दरमहा १०,००० बॉक्स घेतो. माप ४०० × ३०० × २५० मिलिमीटर, पाच प्लाय. आतापर्यंत दर ३४ रुपये अधिक जीएसटी, ३० दिवस उधारी. नवा दर ३८ रुपये.

बॉक्सचा भाव मुळात कागदाच्या वजनावर ठरतो, आणि ते वजन आपल्याला घरबसल्या काढता येते. पाच प्लायमध्ये तीन सपाट थर असतात आणि दोन नागमोडी. सपाट थर १५० जीएसएमचे आणि नागमोडी १२० जीएसएमचे धरू. नागमोडी थराला वळणांमुळे साधारण १.४ पट कागद लागतो. म्हणजे एका चौरस मीटरला ४५० अधिक ३३६, एकूण ७८६ ग्रॅम. हा बॉक्स उलगडला तर जोडाची पट्टी धरून सुमारे १.४४ मीटर लांब आणि ०.५६ मीटर रुंद शीट होते, म्हणजे ०.८१ चौरस मीटर. वजन आले सुमारे ६३४ ग्रॅम. ५ टक्के वेस्टेज धरले की एका बॉक्सला ६६६ ग्रॅम कागद लागतो.

आता सप्लायरचे म्हणणे तपासता येते. कागद किलोला ३८ वरून ४१ रुपये झाला असेल, तर एका बॉक्समागे वाढ होते २ रुपये. मागितले आहेत ४. उरलेले २ रुपये मजुरी, वीज, गोंद, भाडे आणि पुढच्या वाढीची आधीच केलेली तरतूद यांचे मिळून आहेत. त्यातले काही खरे असेल. पण आता बोलणे ‘तुम्ही फार मागता’ इथून सुरू होत नाही, ‘कागदाचे २ रुपये आम्हाला मान्य’ इथून सुरू होते. सप्लायरची निम्मी मागणी पहिल्याच वाक्यात मान्य झाली की उरलेल्या निम्म्यावर तो शांतपणे बोलतो.

मुदतीचाही असाच हिशेब होतो. आपली सीसी १२ टक्क्यांची आहे असे धरू. आतापर्यंत माल आल्यावर ३० दिवसांनी पैसे जात होते. आता निम्मे माल येण्याच्या सुमारे १० दिवस आधी आणि निम्मे त्याच दिवशी जातील. सरासरी काढली तर पैसे ३५ दिवस लवकर जातात. ३८ रुपयांवर १२ टक्क्यांनी ३५ दिवसांचे व्याज होते ४४ पैसे. म्हणजे मेलमधली एकूण मागणी ४ रुपये ४४ पैशांची आहे, आणि तिच्यात मुदतीचा वाटा दहावा हिस्साही नाही. प्रत्यक्षात मालक भडकतो तो ‘ॲडव्हान्स’ या शब्दावर. इतक्या वर्षांनंतर आमच्यावर विश्वास नाही का, असे त्याला वाटते. मग सगळा जोर ४४ पैशांवर लागतो आणि चार रुपये हळूच मान्य होतात.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. सीसीची लिमिट पूर्ण वापरलेली असेल तर व्याजाचा दर काहीही असो, जादा पैसे काढताच येत नाहीत. १०,००० बॉक्सचे ३ लाख ८० हजार एकदम अडकणार असतील आणि खात्यात तेवढी जागा नसेल, तर दिवस पैशांपेक्षा महाग होतात. लिहायला बसण्याआधी आपली अडचण व्याजाची आहे की लिमिटची, हे अकाउंट्सला विचारून घ्यावे.

समोरच्याचा गल्ला

ॲडव्हान्स मागण्यामागे अविश्वासच असतो असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून पुठ्ठ्याच्या बॉक्सवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण क्राफ्ट कागदावरचा १८ टक्के झाला. बॉक्सवाला ज्या कागदावर १८ टक्के भरतो, त्याच्याच बॉक्सवर ५ टक्के गोळा करतो. आपल्या उदाहरणात एका बॉक्सच्या कागदावर त्याचे सुमारे ४ रुपये ९० पैसे जातात आणि विक्रीवर १ रुपया ८० ते ९० पैसे येतात. मधले सुमारे ३ रुपये रिफंड येईपर्यंत अडकून राहतात. आपल्या एकट्याच्या ऑर्डरवर महिन्याला ३० हजार. त्यात पेपर मिल त्याच्याकडून रोखीत पैसे मागत असेल, तर त्याला भावापेक्षा रोकड जास्त हवी असते. तो बाहेरून महिन्याला २ टक्क्यांनी पैसे उचलत असेल, तर आपले ३० दिवस त्याला बॉक्समागे ७० पैशांच्या पुढे पडतात. आपल्याला ते ३६ पैशांना पडतात.

देवाणघेवाणीची जागा नेमकी इथे आहे. जी गोष्ट आपल्याला स्वस्त आणि त्याला महाग, ती द्यावी आणि बदल्यात भाव मागावा. ३० ऐवजी ७ दिवसांत पैसे दिले तर ३६ रुपयांच्या दरावर आपला खर्च सुमारे २७ पैसे होतो आणि त्याचा फायदा २ टक्के महिन्याच्या हिशेबाने ५४ पैसे. मधे कुठेही, समजा ४० पैशांवर, सौदा झाला तरी दोघांना लाभ आहे.

मेल कसा वाचला जातो

फोनवर ‘साहेब, बघा की जरा’ म्हणणारा माणूस मेलमध्ये ‘आपणांस सूचित करण्यात येते की’ असे लिहू लागतो. हा सूर बदलल्याचे त्याच्या लक्षातही येत नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ईमेलमधली थट्टा किंवा गांभीर्य समोरच्याला बहुतेक वेळा बरोबर कळेल, असे लिहिणाऱ्यांना वाटत होते. वाचणाऱ्यांचे अंदाज मात्र निम्म्यापेक्षा थोडेच जास्त बरोबर निघाले. मनातल्या मनात आपण सौम्य आवाजात वाचतो, समोरचा तो मेल त्याच्या ताणाच्या आवाजात वाचतो.

यावरचा उपायही अभ्यासलेला आहे. मायकेल मॉरिस आणि सहकाऱ्यांच्या २००२ च्या प्रयोगात ईमेलवरच्या वाटाघाटीआधी ज्यांनी फोनवर थोड्या अवांतर गप्पा मारल्या, त्यांच्यात सलोखाही जास्त झाला आणि सौदेही चांगले ठरले. आपल्याकडे हे सांगायलाही नको, पण मेलच्या सवयीत ते सुटत चालले आहे. उत्तर पाठवण्याआधी फोन करावा. फोनवर भाव बोलू नये. ‘मेल मिळाला, कागदाचं आम्हीही ऐकलंय, हिशेब करून संध्याकाळी उत्तर टाकतो’ एवढेच सांगावे. मग आलेला मेल धक्का देत नाही.

आकड्यांबद्दलही दोन निष्कर्ष कामाचे आहेत. मलिया मेसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की गोल आकड्यापेक्षा नेमक्या आकड्याला समोरचा जास्त मान देतो, कारण त्यामागे हिशेब असावा असे त्याला वाटते. ‘३५ करा’ म्हणण्यापेक्षा ‘३५.६०’ जास्त टिकतो, अर्थात हिशेब खरोखर असेल तर. जेफ्री लिओनार्डेली आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासानुसार, एकच प्रस्ताव देण्याऐवजी आपल्याला सारख्याच किमतीचे दोन-तीन प्रस्ताव एकत्र ठेवले तर समोरच्याला आपण अडवणूक करतो असे कमी वाटते. शिवाय तो कोणता निवडतो यावरून त्याला भाव जास्त हवा की रोकड, हे न विचारता कळते.

उत्तराचा एक नमुना

या सगळ्यातून आपल्या उदाहरणातले उत्तर असे होईल :

> विषय : ५ प्लाय बॉक्स ४०० × ३०० × २५० — १ तारखेपासूनचा दर आणि मुदत
>
> नमस्कार साहेब,
>
> दुपारी बोलल्याप्रमाणे उत्तर पाठवतो आहे. कागदाची वाढ आम्हालाही मान्य आहे. बॉक्सचे वजन ६३४ ग्रॅम आणि वेस्टेज ५ टक्के धरता किलोमागे ३ रुपयांनी बॉक्सला २ रुपये होतात. आमचा हिशेब कुठे चुकत असेल तर सांगावे.
>
> त्यानुसार दोन पर्याय ठेवतो. आपल्याला सोयीचा असेल तो घ्यावा.
>
> १. दर ३६.०० रुपये, पेमेंट माल मिळाल्यापासून ३० दिवसांत.
> २. दर ३५.६० रुपये, पेमेंट माल मिळाल्यापासून ७ दिवसांत.
>
> दोन्हींत पुढील तीन महिन्यांचे दरमहा १०,००० बॉक्सचे शेड्यूल आम्ही लेखी देऊ. कागद किलोला १ रुपयाने वर किंवा खाली गेला तर दर ६७ पैशांनी वर किंवा खाली. कागद, जीएसएम आणि बीएफ सध्याचेच राहतील.
>
> ॲडव्हान्स आमच्या पद्धतीत बसत नाही. नवीन डिझाइन असेल तेव्हा स्टिरिओचा खर्च ऑर्डरसोबत देऊ.
>
> मजुरी किंवा इतर खर्चाची वाढ यात धरायची राहिली असेल तर कळवावी. शुक्रवारपर्यंत ठरले तर १ तारखेची पीओ नव्या दराने काढता येईल. सध्याच्या पीओचा माल जुन्याच दराने यावा ही विनंती.

या मेलमध्ये काय नाही, तेही पाहावे. ‘आश्चर्य वाटले’, ‘अपेक्षा नव्हती’, ‘इतर सप्लायर’ असले काही नाही. कुणा वरिष्ठाला कॉपी नाही. सप्लायरच्या मालकाला लिहिलेल्या मेलवर आपल्या डायरेक्टरची कॉपी दिसली की तो उत्तर आपल्याला देत नाही, डायरेक्टरला देतो, आणि जाहीरपणे माघार घेणे कुणालाच आवडत नाही. नकार एकाच गोष्टीला आहे, ॲडव्हान्सला, आणि तो एका ओळीत देऊन शेजारीच छोटी सवलत ठेवली आहे. दाराची फटही ठेवली आहे : ‘हिशेब चुकत असेल तर सांगावे’. आपला ६३४ ग्रॅमचा आकडा त्याला सुधारता येतो. त्यामुळे वाद माणसांत न राहता वजनावर येतो.

कागद खाली आला तर दर खाली येईल, हे कलम पुष्कळ लोक विसरतात. तेच नंतरची सगळी भांडणे वाचवते. एकदा ६७ पैशांचे सूत्र ठरले की पुढच्या वाढीचा मेल दोन ओळींचा होतो.

कायद्याची चौकट

उत्तरात ३० ऐवजी ६० किंवा ९० दिवस मागण्याचा मोह होतो. बॉक्स बनवणारा उद्यममध्ये सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर तो मोह आवरावा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ नुसार माल स्वीकारल्यापासून लेखी करारानेही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठरवता येत नाही. लेखी काही नसेल तर १५ दिवसांतच पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर कलम १६ नुसार रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. त्यावर २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) म्हणून आणलेली तरतूद आहे. ठरलेल्या मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येते. मार्चअखेरचा आकडा मोठा असेल तर ही चूक महागात पडते. ही तरतूद उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांना लागू आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही.

म्हणजे वरच्या मेलमधली ‘माल मिळाल्यापासून ३० दिवस’ ही ओळ नुसती सोय नाही, ती लेखी ठरलेली मुदत आहे, आणि ती पीओवरही तशीच यायला हवी. तोंडी ३० दिवस ठरवून पीओवर काहीच न लिहिणाऱ्याची मुदत कायद्याच्या नजरेत १५ दिवसांचीच राहते.

दुसरी फेरी आणि नंतर

समजा, सप्लायरचे उत्तर असे आले : ‘७ दिवस चालतील. पण मजुरी वाढली आहे आणि जीएसटीत पैसे अडकतात. ३६.५० शिवाय परवडत नाही.’ या उत्तरात दोन बातम्या आहेत. त्याने ७ दिवस उचलले, म्हणजे त्याला रोकड हवी आहे. आणि ॲडव्हान्सचा विषय त्याने काढलाच नाही, म्हणजे तो सुटला. आता ३५.६० वर अडून बसणे चूक. मजुरीसाठी काही देऊन ३६.३० आणि ७ दिवस असे मिटवावे. जुन्या ३० दिवसांच्या हिशेबात हा दर ३६.५७ पडतो. मूळ मागणी त्याच हिशेबात ३८.४४ होती. बॉक्समागे १ रुपया ८७ पैसे, महिन्याला साधारण १८,७०० रुपये वाचले, आणि त्याचेही पैसे महिनाभर न थांबता आठवड्यात आले. तिसरी फेरी करू नये. दोन फेऱ्यांनंतर निघणारे दहा-वीस पैसे सप्लायर दुसरीकडून भरून काढतो.

ते कुठून भरतो, हे ओळखता आले पाहिजे. भाव मान्य करून कागद हलका करणे हा या धंद्यातला नेहमीचा मार्ग. १५० च्या जागी १४० जीएसएम आला तरी डोळ्यांना कळत नाही. वजनकाट्याला कळते : तीन सपाट थरांत मिळून बॉक्समागे सुमारे २४ ग्रॅम कमी. म्हणून नव्या दराच्या पहिल्या गाडीतले दहा बॉक्स वजन करावेत. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि वजन फसवे वाढते, तेव्हा बर्स्टिंग टेस्टचा रिपोर्ट मागावा. तक्रार असेल तर माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी, नाहीतर कायद्याने माल स्वीकारला असे धरले जाते.

संबंध बिघडल्याची खूण भावात दिसत नाही, ती वागण्यात दिसते. मालकाऐवजी त्याच्या अकाउंट्सकडून मेल येऊ लागतात. आपली गाडी मंगळवारऐवजी शुक्रवारी येते. कागद वाढणार असल्याचा आधी येणारा फोन येईनासा होतो. यातले काही दिसले तर पुढचा मेल लिहू नये, भेटायला जावे.

काही वेळा उलट प्रस्ताव द्यायचाच नसतो. त्याची जुनी बिले आपल्याकडे थकलेली असतील तर आधी ती चुकती करावीत. थकबाकीदाराने मागितलेली सवलत सप्लायरच्या कानाला अपमानासारखी लागते. आपल्या सगळ्या डाय आणि स्टिरिओ त्याच्याकडेच असतील आणि दुसरा सप्लायर तयार व्हायला महिना लागणार असेल, तर या वेळी कागदाचे सूत्र तेवढे ठरवून घ्यावे आणि भावाचा प्रश्न दुसरी सोय होईपर्यंत बाजूला ठेवावा.

ठरलेल्या सौद्याचा खरा कस पहिल्या पेमेंटला लागतो. ७ दिवस लिहून १५ व्या दिवशी पैसे देणाऱ्याने पुढचा मेल कितीही नम्र आणि कितीही हिशेबी लिहिला तरी, सप्लायरची मागणी ८ रुपयांपासूनच सुरू होणार. म्हणून मेल पाठवण्याआधी अकाउंट्सच्या टेबलावर एकच गोष्ट विचारावी : सातव्या दिवशी खात्यात पैसे असतील ना? उत्तर ‘हो’ नसेल तर दुसरा पर्याय मेलमधून काढून टाकावा आणि ३० दिवसच लिहावेत.